सहल रद्द, दावाही नामंजूर: कुटुंबातल्या आजारपणावर 'आधीचा आजार' असा शेरा आला तर अपील कसं लिहावं

प्रश्न: "मी आणि नवरा मे महिन्यात युरोपच्या सहलीला निघणार होतो. चार दिवस आधी सासूबाईंना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, आम्ही सहल रद्द केली. टूर कंपनीने दोघांचे मिळून 2 लाख 35 हजार कापले. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांनी दावा नाकारला. म्हणे, पेशंट पॉलिसीत नव्हत्या आणि त्यांना बीपी आधीपासून होतं, म्हणजे प्री-एक्झिस्टिंग. बीपीची गोळी दहा वर्षं चालू आहे हे खरं आहे. आता अपील करून काही उपयोग आहे का?"

उत्तर:

उपयोग आहे. त्या पत्रातली दोन कारणं नीट शेजारी ठेवून वाचा, ती एकमेकांचे पाय ओढतात. पेशंट पॉलिसीत नव्हत्या म्हणजे त्या विमाधारक नाहीत, असं कंपनीचं पहिलं म्हणणं आहे. ते मान्य करू. पण आधीच्या आजाराचं एक्स्क्लूजन, म्हणजे त्याला विमा लागू नाही असं सांगणारं कलम, बऱ्याच पॉलिसींमध्ये "विमाधारकाचा आधीचा आजार" अशा शब्दांत असतं. सासूबाई विमाधारक नसतील तर ते एक्स्क्लूजन त्यांना लावायचं कसं? आणि लावायचंच असेल तर "त्या पॉलिसीत नव्हत्या" या हरकतीला अर्थ काय उरतो? तुमच्या पॉलिसीत नेमके शब्द कोणते आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. म्हणून मी जे सांगतोय ते पॉलिसी समोर उघडी ठेवून वाचा.

ट्रिप कॅन्सलेशनचा दावा तपासताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि नाकारणीच्या पत्रात त्यांची नेहमी सरमिसळ झालेली असते. पहिला प्रश्न: सहल ज्या कारणाने रद्द झाली ते कारण पॉलिसीत दिलेल्या कारणांच्या यादीत बसतं का? हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. दुसरा प्रश्न: बसत असेल, तरी एखादं एक्स्क्लूजन ते बाहेर काढतं का? हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल या 2007 च्या निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे. एक्स्क्लूजनचा आधार घ्यायचा असेल तर ते लागू होतं हे कंपनीने दाखवायचं, आणि शब्द दुहेरी अर्थाचे असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा. तुमच्या पत्रात हे दोन भाग वेगळे ठेवा. बहुतेक लोक पहिल्याच ओळीपासून "बीपी किरकोळ होतं हो" असं लिहू लागतात आणि जे सिद्ध करणं कंपनीचं काम आहे ते ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतात.

आधी कागद मिळवा. ई-मेलवर आलेलं दोन पानी सर्टिफिकेट किंवा शेड्यूल म्हणजे पॉलिसी नव्हे. त्यात फक्त कव्हरची नावं आणि डॉलरमधल्या मर्यादा असतात. तुम्हाला हवं आहे ते पूर्ण पॉलिसी वर्डिंग, म्हणजे व्याख्या, प्रत्येक कव्हरच्या अटी आणि एक्स्क्लूजन असलेली पुस्तिका. विमा टूर कंपनीने काढून दिला असेल तर तो कदाचित ग्रुप पॉलिसीखाली असेल. अशा वेळी टूर कंपनीच्या नावावरची मास्टर पॉलिसी लेखी मागा. ही पुस्तिका तुम्हाला कधी दिलीच नव्हती असं असेल तर तेही पत्रात नोंदवा. भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या 2019 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जी एक्स्क्लूजन ग्राहकाला कळवलीच नाहीत ती त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. मात्र पॉलिसी पीडीएफ म्हणून तुमच्या ई-मेलवर आली असेल आणि तुम्ही उघडली नसेल, तर हा मुद्दा मांडू नका.

नाकारणीच्या पत्रात कलमाचा क्रमांक आहे का तेही बघा. कायद्याच्या दृष्टीने ट्रॅव्हल कव्हर आरोग्य विम्याच्या व्यवसायात मोडतं, आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या आरोग्य विमा मास्टर सर्क्युलरनुसार दावा नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देणं कंपनीला भाग आहे. शिवाय कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. कलम दिलेलं नसेल तर एका ओळीचा ई-मेल पाठवून तीन गोष्टी मागा: कोणत्या कलमाखाली नाकारलं, कमिटीची मंजुरी कधी झाली, आणि एखाद्या डॉक्टरचं मत घेतलं असेल तर त्याची प्रत. उत्तर येवो न येवो, पुढे विमा लोकपालासमोर हा ई-मेल उपयोगी पडतो.

आता पहिला प्रश्न. ट्रिप कॅन्सलेशनच्या कलमात कारणांची यादी असते: विमाधारकाचा किंवा जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू, अचानक उद्भवलेला गंभीर आजार किंवा अपघात ज्यात रुग्णालयात भरती व्हावं लागलं, नैसर्गिक आपत्ती, दहशतवादी घटना वगैरे. तुमचं कारण त्यातल्या "जवळच्या कुटुंबीयाचा अचानक गंभीर आजार" या ओळीत आहे. म्हणजे पेशंट विमाधारक असलीच पाहिजे ही अट त्या ओळीतच नाही. कुटुंबीयाचा उल्लेख करण्याचा अर्थच हा की ती व्यक्ती विमाधारक नसली तरी चालेल. "पेशंट पॉलिसीत नव्हत्या" ही हरकत इथेच संपते, आणि तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद एवढ्याच मुद्द्याचा असावा.

पण ही ओळ सुटी करून वाचा. तिच्यात चार अटी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक कागद लागतो.

पहिली अट "जवळचा कुटुंबीय". व्याख्येच्या पानावर जा. नवऱ्याच्या बाबतीत प्रश्नच नाही, आई-वडील प्रत्येक यादीत असतात. तुमच्या बाबतीत मात्र सासू-सासरे व्याख्येत आहेत की नाहीत हे पाहावं लागेल. बऱ्याच पॉलिसींमध्ये असतात, काहींमध्ये नसतात. कधीकधी नवऱ्याचा दावा मंजूर होतो आणि बायकोचा नामंजूर, तो याच कारणाने. सासूबाई व्याख्येत नसतील तर दुसरी वाट शोधा: काही पॉलिसी सहप्रवाशाला त्याच्या कव्हरखालच्या कारणाने सहल रद्द करावी लागली, तर तेही कारण धरतात. तुमचा सहप्रवासी नवरा, त्याचं कारण कव्हरमध्ये, म्हणून तुमचं रद्द होणंही कव्हरमध्ये, असा तो धागा. मात्र काही पॉलिसींमध्ये सहप्रवासी स्वतः आजारी पडला तरच हे चालतं, तेव्हा शब्द पाहिल्याशिवाय हा मुद्दा लिहू नका. नात्याचा पुरावा म्हणून नवऱ्याच्या पासपोर्टवरचं आईचं नाव आणि तुमचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र एवढं पुरतं.

दुसरी अट "भरती". पॉलिसीतल्या हॉस्पिटलायझेशनच्या व्याख्येत साधारणपणे सलग 24 तास आंतररुग्ण म्हणून राहणं अपेक्षित असतं. अँजिओप्लास्टी झाली म्हणजे तुमच्याकडे याहून जास्त काळ असणारच. डिस्चार्ज कार्डावर भरती आणि सुट्टी या दोन्हींच्या तारखा आणि वेळा आहेत का ते तपासा. वेळ नसेल तर हॉस्पिटलच्या बिलावर असते.

तिसरी अट "अचानक". इथे कॅज्युअल्टीचा केस पेपर सगळ्यात मोलाचा, कारण त्यावर छातीत दुखायला किती तासांपूर्वी सुरुवात झाली हे लिहिलेलं असतं. सोबत पहिला ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्तचाचणीचा रिपोर्ट जोडा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "सीएडी, पीटीसीए केली", म्हणजे धमन्यांचा आजार, अँजिओप्लास्टी केली, एवढंच असेल तर वाचणाऱ्याला ते जुनं दुखणं आणि ठरवून केलेली प्रक्रिया वाटू शकतं. केस पेपर तो गैरसमज दूर करतो. डिस्चार्ज कार्डाबरोबर हा कागद मिळत नाही, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून मागावा लागतो. तो लवकर मागा.

चौथी अट काळाची. कॅन्सलेशनचं कव्हर प्रवासाला निघण्याच्या आधीच्या काळासाठीच असतं. पॉलिसी घेतली ती तारीख आजार सुरू होण्याच्या आधीची हवी, आणि काही पॉलिसींमध्ये हे कव्हर प्रवासाला निघण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांपुरतंच असतं. तुमची घटना चार दिवस आधीची, त्यामुळे बहुधा अडचण नाही. पण पॉलिसी व्हिसासाठी लवकर काढलेली होती की अगदी शेवटी, ते तारखेसह लिहा.

आता दुसरा आणि खरा अवघड प्रश्न: एक्स्क्लूजन. इथे तीन पायऱ्यांनी जायचं.

पहिली पायरी, आजार कोणाचा? एक्स्क्लूजनचं वाक्य आणि "प्री-एक्झिस्टिंग डिसीज"ची व्याख्या दोन्ही वाचा. वाक्यात "विमाधारकाचा" असा शब्द असेल आणि कुटुंबीयांचा उल्लेख नसेल, तर तुमची बाजू इथेच भक्कम होते. कंपनीने स्वतःच्या पत्रात सासूबाई विमाधारक नाहीत असं म्हटलेलंच आहे, ते वाक्य तिच्याच पत्रातून जसंच्या तसं उद्धृत करा. वाक्यात कोणाचा हे लिहिलेलंच नसेल तर दोन अर्थ निघतात, आणि वर सांगितलेल्या तत्त्वाप्रमाणे तुमच्या बाजूचा अर्थ मागता येतो. वाक्यात "विमाधारक किंवा जवळच्या कुटुंबीयाचा" असं स्पष्ट असेल तर ही पायरी सोडून द्या. इथे ताणून अर्थ लावला तर पुढचे चांगले मुद्देही कच्चे वाटू लागतात.

दुसरी पायरी, कोणता आजार? आयआरडीएआयच्या आताच्या प्रमाणित व्याख्येनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला अथवा उपचार सुचवला गेला किंवा घेतला गेला, तो आधीचा आजार. दहा वर्षं गोळी चालू म्हणजे उच्च रक्तदाब या व्याख्येत बसतो. ते नाकारू नका. पण सहल रक्तदाबामुळे रद्द झाली नाही, हृदयविकाराच्या झटक्यामुळे झाली. हृदयाच्या धमन्यांमधल्या अडथळ्याचं निदान त्या 36 महिन्यांत कधी झालं होतं का, त्यासाठी कोणी उपचार सुचवले होते का? तो अडथळा अँजिओग्राफीच्या टेबलावर पहिल्यांदा दिसला असेल तर व्याख्येच्या दोन्ही भागांना उत्तर "नाही" असं आहे.

याचा पुरावा जुन्या कागदांत असतो. मागच्या तीन वर्षांची प्रिस्क्रिप्शन काढा. त्यात फक्त रक्तदाबाची गोळी असेल तर उत्तम. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिसली तर कंपनी म्हणणार की हृदयाचा उपचार आधीपासूनच चालू होता. तसं काही असेल तर ती कशासाठी दिली होती हे ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांच्याकडून लेखी घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर घाबरू नका. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या डिसेंबर 2021 च्या निकालात असाच वाद होता. अमेरिकेला पोहोचल्यावर हार्ट अटॅक आलेल्या प्रवाशाचा ओव्हरसीज मेडिक्लेमचा दावा, मधुमेहाबरोबर तो स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता ही गोष्ट दडवली म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारणी रद्द केली. ते प्रकरण उपचारखर्चाचं आणि माहिती दडवण्याच्या आरोपाचं होतं, ट्रिप कॅन्सलेशनचं नाही, त्यामुळे त्याचा हवाला आधार म्हणून द्या, हुबेहूब तुमचं प्रकरण म्हणून नको. जुना ईसीजी किंवा टू-डी इको नॉर्मल असेल तर तोही जोडा.

तिसरी पायरी, संबंध किती जवळचा? काही एक्स्क्लूजन "आधीच्या आजारामुळे किंवा त्याच्या गुंतागुंतीतून उद्भवलेला" अशी रुंद असतात. कंपनीचा खरा डाव इथे असतो: बीपीमुळे अटॅक आला, म्हणून संपलं. उच्च रक्तदाब हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक आहे हे वैद्यकशास्त्रात मान्यच आहे, त्यामुळे डॉक्टरांकडून "काहीही संबंध नाही" असं लिहून आणायचा प्रयत्न करू नका. कोणताही प्रामाणिक कार्डिओलॉजिस्ट ते लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी कंपनीचा डॉक्टर एका वाक्यात खोडून काढेल. मुद्दा वेगळा आहे. धोका वाढवणारा घटक असणं आणि त्या आजाराचीच गुंतागुंत असणं या दोन गोष्टी आहेत. वय, आनुवंशिकता, साखर, तंबाखू हे सगळे धोक्याचेच घटक आहेत. या पेशंटच्या बाबतीत नेमका रक्तदाबच कारण होता हे सिद्ध करण्याचं काम कंपनीचं, आणि डिस्चार्ज कार्डावरच्या "के/सी/ओ एचटीएन", म्हणजे उच्च रक्तदाबाचा जुना रुग्ण, या एका नोंदीने ते होत नाही. रक्तदाब नियंत्रणात होता याच्या नोंदी फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये असतील तर हा मुद्दा बराच भक्कम होतो.

उपचार करणाऱ्या कार्डिओलॉजिस्टचं प्रमाणपत्र म्हणूनच नीट मागायला हवं. नुसतं "सर, इन्शुरन्ससाठी सर्टिफिकेट द्या" म्हटलं तर दोन ओळींचा निरुपयोगी कागद मिळतो. एका कागदावर प्रश्न लिहून द्या: भरतीची तारीख, वेळ आणि पूर्ण निदान, भरती तातडीची होती की ठरवलेली, याआधी हृदयाच्या धमन्यांचा आजार निदान झाला होता का किंवा त्यावर उपचार चालू होते का, रक्तदाब हा या झटक्याचं थेट कारण म्हणता येईल, की अनेक घटकांपैकी एक, आणि सहलीच्या तारखांच्या काळात जीवाला धोका होता का, जवळच्या नातेवाईकाने थांबणं गरजेचं होतं का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही पॉलिसींमध्ये कुटुंबीयाच्या आजारामुळे प्रवास करणं अशक्य व्हावं लागतं, आणि "सून-मुलगा गेले असते तरी चाललं असतं" अशी हरकत अपिलाच्या टप्प्यावर पुढे येऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर इतिहास चुकीचा नोंदला गेला असेल, म्हणजे समजा बीपी दहा वर्षांचं असताना "हृदयविकार दहा वर्षं" असं लिहिलं गेलं असेल, तर हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासह दुरुस्तीचं पत्र घ्या. मूळ कागदावर कोणीही पेन लावू नये.

कुठे हरण्याची शक्यता जास्त आहे तेही स्पष्ट सांगतो. सासूबाईंची अँजिओग्राफी आधीच सुचवलेली होती आणि ती लांबणीवर टाकली होती, पॉलिसी घेतली तेव्हा त्या छातीच्या तक्रारीसाठी तपासण्या करत होत्या, किंवा पूर्वी स्टेंट बसवलेला होता आणि पॉलिसीतलं एक्स्क्लूजन कुटुंबीयांनाही लागू आहे: या तिन्ही परिस्थितींत अपील टिकणं कठीण. पहिल्या दोन्हींत तर "अचानक" हा शब्दच तुमच्या विरुद्ध जातो.

रकमेबद्दल थोडक्यात. 2 लाख 35 हजार हा टूर कंपनीने कापलेला आकडा आहे, तो तसाच मागितला तर कंपनी त्यातला काही भाग योग्य कारणानेच कापेल आणि तुमचा दावा फुगवलेला दिसेल. टूर कंपनीकडून फोड मागा. समजा ती अशी आली: विमान तिकिटं 96 हजार, हॉटेल आणि स्थलदर्शन 1 लाख 13 हजार, व्हिसा आणि सेवाशुल्क 26 हजार. तिकिटांत विमानतळाचं यूडीएफ, पीएसएफ असे कर असतात, आणि विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमानुसार मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी हे कर विमान कंपनीने परत करायचे असतात. ते 14 हजार असतील तर आधी तिथून वसूल करा, म्हणजे तिकिटांचं खरं नुकसान 82 हजार. व्हिसा शुल्क पॉलिसीत असेलच असं नाही, नसेल तर सोडा. उरतात 82 हजार अधिक 1 लाख 13 हजार, म्हणजे 1 लाख 95 हजार, माणशी साडेसत्त्याण्णव हजार. ही रक्कम शेड्यूलमधल्या डॉलर मर्यादेत बसते का आणि डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, किती आहे हे पाहा. आणखी एक गोष्ट: भरती झाल्याबरोबर लगेच रद्द केलं की दोन दिवस वाट पाहून? टूर कंपनीचे कॅन्सलेशन चार्जेस टप्प्याटप्प्याने वाढतात, आणि तुमच्या उशिरामुळे वाढलेला फरक देणार नाही असं विमा कंपनी म्हणू शकते. रद्द केल्याचा ई-मेल वेळेसह जोडा.

पत्राचा क्रम असा ठेवा. वर पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नाकारणीच्या पत्राची तारीख. मग कव्हरचं कलम शब्दशः, पॉलिसीत इंग्रजीत आहे तसंच. खाली चार अटी आणि प्रत्येकीसमोर जोडपत्राचा क्रमांक. मग एक्स्क्लूजनचं कलम शब्दशः आणि तुम्हाला लागू पडतात तेवढ्याच पायऱ्या. शेवटी रकमेची फोड आणि मागणी. दोन पानांपेक्षा जास्त नको. गाभ्याचा परिच्छेद साधारण असा असेल:

"आपल्या पत्रात पेशंट विमाधारक नसल्याचं नमूद केलं आहे. ते आम्हाला मान्य आहे. ट्रिप कॅन्सलेशनच्या कलमात जवळच्या कुटुंबीयाचा अचानक गंभीर आजार हे स्वतंत्र कारण दिलेलं आहे आणि व्याख्येत आईचा समावेश आहे. आधीच्या आजाराचं एक्स्क्लूजन त्यातील शब्दांनुसार विमाधारकाच्या आजारापुरतं आहे. ते कुटुंबीयालाही लागू आहे असं क्षणभर धरलं, तरी सहल रद्द होण्याचं कारण तीव्र हृदयविकाराचा झटका आहे. त्याचं निदान किंवा उपचार यापूर्वी झालेले नाहीत (जोडपत्र 4 व 5). रक्तदाब हेच या झटक्याचं कारण असल्याचा कोणताही वैद्यकीय पुरावा आपल्या पत्रात दिलेला नाही."

"क्षणभर धरलं तरी" ही रचना महत्त्वाची आहे. पहिला मुद्दा पडला तरी दुसरा उभा राहतो आणि तुम्ही काही कबूल केलं असंही होत नाही. सासूबाईंच्या त्या दिवसांचं वर्णन, तुमची झालेली धावपळ, कंपनीबद्दलचा राग हे सगळं खरं असलं तरी या पत्रात घालू नका. ते वाचणाऱ्याचं लक्ष कलमावरून हटवतं.

हे पत्र कंपनीच्या ग्रिव्हन्स रिड्रेसल ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ई-मेलने पाठवा. पत्ता पॉलिसीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. कॉल सेंटरला फोन करून "तक्रार नोंदवली" एवढ्यावर थांबू नका. आयआरडीएआयच्या नियमांनुसार तक्रारीचा निकाल 14 दिवसांत द्यायचा असतो. तीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in वरही टाका, म्हणजे तिला टोकन क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर नोंदवावं लागतं. नियामक स्वतः निवाडा करत नाही, त्यामुळे तिथून "कंपनी आपल्या भूमिकेवर ठाम आहे" असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. पुढच्या पायरीसाठी लागणारा कागद तुम्हाला मिळालेला असतो.

पुढची पायरी विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर तिथे जाता येतं. फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. तक्रार cioins.co.in वर ऑनलाइन करता येते, फी नाही आणि वकील चालत नाही, स्वतःच बोलायचं असतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. तुमचा जिल्हा कोणाकडे ते त्याच संकेतस्थळावर पाहून घ्या. तुम्हा दोघांच्या पॉलिसी वेगळ्या असतील तर तक्रारीही दोन करा. सुनावणी लहान असते, म्हणून कलमाचं पान, व्याख्येचं पान आणि कार्डिओलॉजिस्टचं प्रमाणपत्र ही तीन पानं वर ठेवा आणि पहिल्या दोन मिनिटांत तिथेच बोट ठेवा. कंपनीचा प्रतिनिधी ऐनवेळी नवं कारण काढू शकतो, उदाहरणार्थ दावा उशिरा कळवला. तेव्हा शांतपणे सांगा की नाकारणीच्या पत्रात हे कारण नव्हतं. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या 2019 च्या निकालानुसार कंपनीला त्या पत्राबाहेरच्या कारणांवर नंतर विसंबता येत नाही.

लोकपालाचा निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि 30 दिवसांत पाळावा लागतो. विरुद्ध लागला तर तुमच्यावर बंधन नाही, जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. उलटं मात्र चालत नाही: ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं की लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम बदलू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून वजा होईल असं गृहीत न धरता, नाकारणीच्या पहिल्या पत्राच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा आणि ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

पॉलिसीतलं एक्स्क्लूजनचं वाक्य आणि "जवळचा कुटुंबीय"ची व्याख्या इथे जशीच्या तशी टाकलीत, तर वरच्या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या तुमच्या पत्रात ठेवायच्या ते नेमकं सांगता येईल. टाकताना नाव, पॉलिसी क्रमांक आणि हॉस्पिटलचं नाव झाकून टाका.